‘गोळी बंद केली पण’ : एका अर्ध्यावर थांबलेल्या मेसेजचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या ओळखीतल्या एका घरातलं आहे. मी भाषाविज्ञान शिकवते, आणि लोक फोनवर कसं लिहितात हा माझा नेहमीचा विषय आहे, म्हणून त्या घरातल्या भाच्याने मला ती चॅट त्याच दुपारी दाखवली आणि नंतर नावगाव काढून लिहायची परवानगी दिली. भाचा पुण्यात नोकरीला, मामा-मामी मिरजेला. मामांना पाच महिन्यांपूर्वी हृदयात स्टेंट बसवलेला. त्या सगळ्या धावपळीत डॉक्टरांशी बोलण्याचं काम भाच्याकडे आलं आणि पुढे त्याच्याकडेच राहिलं. कुठल्या गोळीचं काय, हे मामी त्यालाच विचारत असत.

एका बुधवारी सकाळी मामींचे हे चार मेसेज आले.

१०:४२ — दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो
१०:४२ — दाढ काढावी लागणार म्हणाले
१०:४४ — सोमवारी बोलावलंय
१०:४५ — रक्त पातळ करायची गोळी बंद केली पण

यानंतर काही नाही. भाचा सकाळभर मीटिंगमध्ये होता. त्याने दुपारी एकच्या सुमारास फोन हातात घेतला तेव्हाही शेवटचा मेसेज तोच होता.

चौथा मेसेज महत्त्वाचा का, ते आधी थोडक्यात. स्टेंट बसवल्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही महिने सहसा दोन औषधं देतात, एस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल. आपल्याकडे ही दोन्ही एकाच गोळीत मिळतात, त्यामुळे घरात ती ‘रक्त पातळ करायची गोळी’ एवढ्याच नावाने ओळखली जाते. एक गोळी बंद केली म्हणजे दोन्ही औषधं बंद. पहिल्या काही महिन्यांत ही औषधं मध्येच तोडली तर स्टेंटमध्येच गुठळी अडकण्याचा धोका असतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. उलट दाढ काढताना या गोळीमुळे रक्त जास्त वेळ वाहतं हे खरं असलं तरी ते दाबून, कापूस धरून, टाके घालून थांबवता येतं. म्हणून साध्या दाढेसाठी या गोळ्या सहसा थांबवत नाहीत, आणि थांबवायच्याच असतील तर ते हृदयाच्या डॉक्टरांना विचारून ठरवतात.

तेव्हा भाच्यासमोर प्रश्न होता तो ‘पण’च्या पुढे काय, हा. निदान त्याला तरी तसं वाटलं.

मेसेज यंत्राने तोडला का?

अर्धवट मेसेज दिसला की पहिली शंका यंत्रावर जाते, आणि ती आधीच निकालात काढलेली बरी. लॉक स्क्रीनवरच्या सूचनेत लांब मेसेज अर्धाच दिसतो, तेव्हा चॅट उघडून पाहावं. भाच्याने उघडून पाहिलं होतं. मेसेज साधा एसएमएस असता तर आणखी एक शक्यता होती: देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हंच मावतात, त्याहून लांब मजकुराचे ६७-६७ चिन्हांचे तुकडे होऊन जातात आणि एखादा तुकडा वाटेत हरवू शकतो. चिन्हं म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, जागा, सगळं वेगवेगळं धरून. या हिशेबाने मामींचा चौथा मेसेज ३३ चिन्हांचा भरतो. शिवाय यंत्राला व्याकरण कळत नाही. ते तोडतं तेव्हा ‘डॉक्ट’वर तोडेल किंवा ‘सोमवा’वर तोडेल. नेमकं एका उभयान्वयी अव्ययापाशी, शब्द पूर्ण करून थांबणं हे सहसा माणसाचं काम.

सहसा म्हटलं, कारण एक यंत्र असं आहे की ते माणसाच्या थांबण्यावरच थांबतं. मामी टाइप करत नाहीत, माइकचं बटण दाबून बोलतात. बोलणारा जरा थबकला की बोलून लिहिण्याची सोय आपोआप ऐकायचं बंद करते. आणि मराठी माणूस बोलताना थबकतो तो पुष्कळदा ‘पण’, ‘आणि’, ‘म्हणजे’ असा शब्द उच्चारून झाल्यावर. पुढचं जुळवत असताना आधीचा धागा सुटू नये म्हणून तो शब्द टाकून ठेवलेला असतो. तेवढ्यात माइक बंद होतो आणि बोट सवयीने हिरव्या बाणावर जातं.

मेसेज बोलून लिहिला आहे हे चॅटमध्येच दिसत होतं. चारही मेसेजमध्ये एकही विरामचिन्ह नाही, शुद्धलेखन मात्र नीटनेटकं. हाताने लिहिलेले मामींचे जुने मेसेज होते त्यात ‘डाॅकटर’ होता आणि दोन शब्दांमध्ये जागाच नसायची. म्हणजे माइकने तोडल्याची शक्यता खरी होती. पण त्यानंतर सव्वादोन तास त्यांनी पुढचा तुकडा पाठवला नव्हता, तेव्हा माइकवर बोट ठेवून प्रश्न सुटत नव्हता. माइकने तोडलं तरी माणूस परत बटण दाबून वाक्य पुरं करतो. आधीचे तीन मेसेज दोन मिनिटांत आलेले आहेत. ज्या बाईला एका मिनिटात पुढचं वाक्य सुचतं, तिला ‘पण’नंतर दोन तास सुचत नाही असं होत नाही. तिने ते लिहायचं नाही असं ठरवलं, किंवा तिच्या मते वाक्य पुरंच झालं होतं.

वाक्य पुरंच असेल तर?

ही दुसरी शक्यता मराठीत फार खरी आहे, आणि इंग्रजी वाचणाऱ्याला ती दिसणारही नाही. आपल्याकडे शेवटी येणारा ‘पण’ नेहमी लोंबकळत नसतो. ‘तो गेला पण!’ म्हणजे इतक्यात गेलासुद्धा. ‘जेवण झालं पण’ म्हणजे तुम्ही विचारण्याआधीच उरकलं. या वाक्यांत पुढे काही यायचं नसतं. बोलताना जोर क्रियापदावर पडतो आणि ‘पण’ त्याला चिकटून पटकन निघून जातो. लिहिलं की जोर जातो आणि दोन्ही ‘पण’ सारखेच दिसतात.

तिसरा ‘पण’ ‘सुद्धा’चा, ‘मी पण येतो’मधला. तो इथे लागू नव्हता, कारण तो ज्याची भर घालायची त्याच्या मागोमाग बसतो. ‘बाकीच्या गोळ्यांबरोबर हीसुद्धा’ असं म्हणायचं असतं तर मामी ‘रक्त पातळ करायची गोळी पण बंद केली’ असं म्हणाल्या असत्या. इथे ‘पण’ क्रियापदानंतर आहे, तेव्हा उरतात दोनच: ‘केलीसुद्धा’ आणि ‘केली खरी, परंतु…’.

आता या दोन वाचनांत किती अंतर आहे पाहा. पहिल्यात मामी सांगताहेत की काम फत्ते झालं. दुसऱ्यात त्या सांगताहेत की काहीतरी खुपतंय. आणि कागदावर अक्षर न अक्षर तेच.

भाच्याने जुनी चॅट चाळली तर तिथे मामींचे ‘पोचलो पण’ आणि ‘दिवाळीचा चिवडा झाला पण’ असे मेसेज सापडले. म्हणजे ‘केलीसुद्धा’वाला ‘पण’ त्या वापरतात. तेव्हा त्याला वाटलं, झालं, हा तोच.

मला तसं वाटलं नाही, आणि माझं कारण त्या जुन्या मेसेजमध्येच होतं. ‘पोचलो पण’ हा मेसेज आला त्याच्या आधी भाच्याने ‘रात्री उशीर होईल ना पोचायला?’ असं विचारलेलं आहे. चिवड्याच्या आधी ‘कधी करणार?’ आहे. ‘सुद्धा’च्या अर्थाचा शेवटचा ‘पण’ येतो तो ऐकणाऱ्याच्या मनात ती गोष्ट व्हायची आहे हे गृहीत धरून. होणार हे दोघांना माहीत असतं, फक्त इतक्या लवकर होईल असं वाटलेलं नसतं. ज्या गोष्टीची आधी कुणी वाटच पाहत नव्हतं तिला हा ‘पण’ जोडता येत नाही. शेजारी अचानक येऊन ‘आमचा कुत्रा मेला पण’ म्हणाला, तर आपण पुढच्या वाक्याची वाट बघत उभे राहू.

गोळी बंद करायची आहे असं या चॅटमध्ये कुणी कधी म्हटलं होतं? नाही. उलट दोन महिन्यांपूर्वी भाच्याने स्वतः लिहिलेलं होतं, ‘ही गोळी एक दिवसही चुकवायची नाही असं डॉक्टर म्हणालेत.’ बंद होणं अपेक्षित नव्हतंच. तेव्हा ‘इतक्यात बंद केलीसुद्धा’ हे वाचन पडतं. उरतो तो ‘परंतु’चा ‘पण’, पुढचं न बोललेला.

आवाजात जे कळतं

पुढचं न बोललेला ‘पण’ बोलण्यात अगदी नित्याचा असतो, आणि ऐकणारा तिथे गोंधळत नाही. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठातले ध्वनिशास्त्रज्ञ जॉन लोकल आणि जॉन केली यांनी १९८६ साली इंग्रजी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणांत नेमकं हेच तपासलं होतं: ‘अँड’, ‘बट’, ‘सो’ असा शब्द आला आणि मग शांतता पसरली, तर समोरचा बोलायला लागतो का थांबतो? त्यांना दोन प्रकारच्या शांतता सापडल्या. एका प्रकारात बोलणाऱ्याने शब्दाच्या शेवटी घसा आतून बंद करून श्वास रोखून धरलेला असतो. तिथे समोरचा थांबतो, कारण पुढचं यायचं आहे. दुसऱ्या प्रकारात घसा मोकळा असतो, शब्द मंद आणि हळू होत जातो, पुष्कळदा त्यामागे श्वास सुटतो. तिथे समोरचा बोलायला लागतो, कारण त्याची पाळी आली आहे. दोन्हीकडे व्याकरणाने वाक्य सारखंच अपुरं.

मामी फोनवर असत्या तर तोडलेला ‘पण्’ आहे की खाली उतरत विरलेला ‘पणऽ’ आहे हे भाच्याला एका क्षणात कळलं असतं. लिहिण्यात ही खूण राहत नाही. काही लोक ती टिंबांनी भरून काढतात, ‘पण...’ असं. टिंबं दिली की विरलेला, नाही दिली की अजून यायचंय, असा ठोकताळा तरुणांच्या चॅटमध्ये बराच चालतो. बोलून लिहिणाऱ्या मामींच्या बाबतीत तो कुचकामी आहे. माइकला टिंबं ऐकू येत नाहीत.

खरी फट दुसरीकडेच होती

इथपर्यंत सगळं लक्ष ‘पण’कडे होतं. मी चॅट पुन्हा वाचली तेव्हा मला खुपलं ते ‘केली’.

कोणी केली?

मराठीत भूतकाळाचं सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे चालतं. गोळी स्त्रीलिंगी म्हणून ‘केली’. करणारा मामा असो, मामी असो की दाताचा डॉक्टर असो, क्रियापद एका अक्षराने बदलत नाही. आणि कर्ता वाक्यातून गाळला की तो शोधायला क्रियापदाची काहीच मदत होत नाही. वाचणारा मग मागच्या वाक्यांतून कर्ता उचलतो. मागच्या दोन मेसेजमध्ये ‘म्हणाले’ आणि ‘बोलावलंय’ यांचा न लिहिलेला कर्ता दाताचे डॉक्टर आहेत, म्हणून चौथ्या वाक्यातही तेच सहज येऊन बसतात. भाच्याने तसंच वाचलं होतं: दाताच्या डॉक्टरांनी गोळी बंद केली. जुन्या पद्धतीने चालणारे काही डॉक्टर पाच दिवस आधी गोळी बंद करायला सांगतात हे त्याने ऐकलं होतं, आणि बुधवार ते सोमवार हिशेबही बरोबर पाच दिवसांचा बसत होता.

पण मामींची शब्दयोजना नीट पाहिली तर डॉक्टरांचं सांगणं त्या डॉक्टरांच्या तोंडी घालून सांगतात. ‘काढावी लागणार म्हणाले.’ गोळी डॉक्टरांनी बंद करायला लावली असती तर ‘बंद करायला सांगितली’ किंवा ‘बंद करा म्हणाले’ आलं असतं. चौथ्या वाक्यात ‘म्हणाले’ नाही, ‘सांगितली’ नाही. नुसतं ‘केली’. डॉक्टर घरी येऊन गोळीचं पाकीट उचलून ठेवत नाहीत. ‘बंद केली’ ही क्रिया घरात झालेली आहे.

आणि घरात केली असेल तर कर्ता का गाळला? स्वतः मामींनी केली असती तर ‘मी’ म्हणायला काही हरकत नव्हती. नवऱ्याचं नाव न घेणाऱ्या पिढीतल्या बाईच्या वाक्यातून कर्ता गायब झाला की मी आधी ‘ह्यांनी’ घालून पाहते. ‘ह्यांनी रक्त पातळ करायची गोळी बंद केली पण’. वाक्य लगेच बसतं, आणि ‘पण’ही बसतो. तक्रार आहे, नवऱ्याविषयी आहे, आणि अर्ध्यावर गिळलेली आहे.

हा तर्क होता, पुरावा नव्हे. तो पडताळायचा कसा, हा पुढचा भाग.

उत्तर काय द्यायचं

भाच्याच्या बोटांशी दोन उत्तरं तयार होती. पहिलं अंगठा. अंगठा पाठवला की ‘समजलं, ठीक आहे’ असा अर्थ होतो, आणि समोरच्याला जे खुपत होतं त्यावर झाकण बसतं. पुढे मामी तो विषय पुन्हा काढणार नाहीत.

दुसरं ‘पण काय?’. हे उत्तर आपण सगळेच देतो आणि ते जवळजवळ नेहमी वाया जातं. एक म्हणजे मराठीत लिहिलेला ‘पण काय?’ जरा उर्मट वाजतो, विशेषतः भाच्याने मामीला लिहिला तर. दुसरं म्हणजे ज्याने पुढचं बोलायचं टाळलं त्याला आपण नेमकं तेच बोलायला सांगतो. त्याने ते टाळलं ते काही कारणाने, आणि ते कारण अजून तिथेच असतं. उत्तर येतं, ‘काही नाही रे.’ एकदा ‘काही नाही’ आलं की त्यापुढे जाणं अवघड.

मी त्याला सुचवलं ते असं की ‘पण’ला हात लावू नकोस. वाक्याचा जो भाग पुरा आहे त्याच्याबद्दल विचार, आणि असं विचार की ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात उत्तर देता येईल. कारण मामी का थांबल्या हे आपल्याला माहीत नाही. समोर कुणी बसलं असेल. मामी बोलून लिहितात, म्हणजे त्या जे लिहितात ते खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जातं. ‘ह्यांनी गोळी बंद केली पण मला भीती वाटते’ हे वाक्य ‘ह्यां’च्या समोर मोठ्याने म्हणता येत नाही. ‘पण’पर्यंत येऊन जीभ थांबते, माइकही थांबतो.

भाच्याने लिहिलं:

१:१२ — मामी, आज सकाळची गोळी मामांनी घेतली का?

उत्तर मिनिटाभरात आलं.

१:१३ — नाही

१:१३ — दाताच्या डॉक्टरांनी बंद करायला सांगितली का?
१:१४ — नाही

१:१४ — मामांनी स्वतःहून?
१:१५ — हो

१:१५ — कालची घेतली होती?
१:१६ — हो

तीन ‘हो-नाही’त कर्ता सापडला आणि चौथ्यात काळही सापडला: फक्त आजची एक गोळी चुकली होती. ही दोन्ही औषधं रक्तातल्या ज्या पेशींवर काम करतात त्यांच्यावरचा परिणाम काही दिवस टिकतो, तेव्हा एका चुकलेल्या गोळीने संरक्षण त्याच दुपारी नाहीसं होत नाही. हातात वेळ होता. हेच सोमवारी सकाळी कळलं असतं तर पाच दिवस उलटून गेले असते.

मामींचे हे एकेका शब्दाचे मेसेजही पाहण्यासारखे आहेत. सकाळी वाक्यं बोलणारी बाई आता ‘हो’, ‘नाही’ एवढंच लिहिते आहे. म्हणजे समोर कुणीतरी आहे हा अंदाज आणखी पक्का झाला. भाच्याने मग मामींना फोन न करता सरळ मामांनाच केला, तेही दाढेची चौकशी म्हणून. मामांनी स्वतःच सांगून टाकलं: सकाळच्या फिरण्यातल्या एका मित्राची दाढ काढताना रक्त थांबेना, त्यावर त्याने सल्ला दिला की तू आधीच गोळी थांबव. दाताच्या डॉक्टरांना मामांनी स्टेंटचं सांगितलंच नव्हतं. ‘दाढेचा आणि हृदयाचा काय संबंध’, असं त्यांचं म्हणणं.

भाच्याने हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी आजची गोळी लगेच घ्यायला आणि एकही न चुकवता चालू ठेवायला सांगितलं, आणि दाताच्या डॉक्टरांसाठी दोन ओळींची चिठ्ठी पाठवली. सोमवारी दाढ गोळी चालू असतानाच निघाली. दोन टाके पडले आणि मामांना अर्धा-पाऊण तास कापूस दाबून बसावं लागलं.

त्या आठवड्यात भाच्याने मामींना एकदा विचारलं, त्या दिवशी ‘पण’च्या पुढे काय म्हणणार होता? मामी म्हणाल्या, ‘काही नाही रे, म्हटलं तू विचारशील एकदा डॉक्टरांना.’ गिळलेलं वाक्य तक्रारीचं नव्हतं, विनंतीचं होतं. माझा तर्क कर्त्यापुरता बरोबर ठरला, ‘पण’च्या आशयाबद्दल अर्धाच. भाच्याच्या प्रश्नांमुळे काही अडलं नाही, कारण ते ‘पण’च्या आशयावर अवलंबूनच नव्हते.

मेसेज दुसऱ्या शब्दावर थांबला असता तर

मेसेज ‘गोळी बंद केली कारण’ असा आला असता तर मी वेगळं वाचलं असतं. ‘पण’ विरू देता येतो, ‘कारण’ सहसा नाही. ज्याला कारण सांगायचंच नाही तो ‘कारण’ हा शब्दच उच्चारत नाही. तेव्हा ‘कारण’वर थांबलेला मेसेज बहुतेक वेळा खरोखर तुटलेला असतो: माइक बंद पडला, दारावर बेल वाजली, दुधाला उकळी आली. अशा वेळी थोडं थांबावं, पुढचा तुकडा येतो. तो आलाच नाही तर ‘मेसेज अर्धाच आला मामी’ असं लिहायला काहीच संकोच नको, कारण तिथे कुणी काही लपवलेलं नसतं.

‘दाढ काढायचीय म्हणून’ असं आलं असतं तर काहीच करायचं नव्हतं. मराठीत ‘म्हणून’ कारणाच्या मागे बसतो. ‘का?’ला ‘पाऊस होता म्हणून’ हे पुरं उत्तर आहे. इंग्रजीच्या सवयीने वाचणारे याला अर्धवट समजून ‘म्हणून काय?’ विचारतात, आणि लिहिणारा चक्रावतो.

‘आणि’ मात्र मला सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो. ‘दाढ काढली आणि’ असा मेसेज आला तर बहुतेक वेळा त्यामागे यादीतली पुढची गोष्ट असते आणि ती मिनिटाभरात येते. पण ‘दाढ काढली, चक्कर आली आणि’ असं लिहून कुणी गप्प झालं, तर लिहिणं थांबायचं कारण त्या वाक्यातच असू शकतं. तिथे ‘हो-नाही’चे प्रश्न लिहीत बसू नये, फोन लावावा, आणि उचलला नाही तर शेजाऱ्यांना लावावा.

या सगळ्या वाचनाला एक मोठी अट आहे: मागची चॅट हाताशी हवी. मामी ‘म्हणाले’ कधी वापरतात, शेवटचा ‘पण’ कुठे टाकतात, बोलून लिहितात की बोटाने, हे माहीत होतं म्हणून कर्ता शोधता आला. हाच मेसेज दवाखान्याच्या स्वागतकक्षातून, अनोळखी नंबरावरून आला असता, तर त्यातून मला एवढंच कळलं असतं की एक गोळी बंद झाली आहे, आणि पुढचं फोन करूनच विचारावं लागलं असतं.